अलर्ट आल्यावर पहिले काय पाहावे : भूचुंबकीय डेटाच्या टेबलावर बसणाऱ्यांसाठी प्रस्तावना

पुढच्या पानावरचे टिपण एका पानाचे आहे. रात्री अडीच वाजता पडद्यावर लाल पट्टी आली की ड्युटीवरच्या माणसाने ते हातात घ्यावे, यासाठी ते लिहिले आहे. त्यामुळे त्यात कारणे नाहीत, नुसत्या कृती आहेत. पण कारण ठाऊक नसलेली कृती माणूस घाईत गाळतो, म्हणून ही कारणे इथे सविस्तर मांडतो. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने आधी हे शांतपणे वाचावे आणि मग टिपणाकडे जावे.

भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय नवीन पनवेलला आहे. अलिबागची चुंबकीय वेधशाळा याच संस्थेची, आणि तीही रायगड जिल्ह्यातच. आपल्या कामाचे सगळे नाट्य या दोन ठिकाणांमधल्या अंतरात आहे. मोजणारे उपकरण अलिबागला, लोखंडापासून दूर ठेवलेल्या खोलीत असते. आलेख पाहणारा माणूस दुसरीकडेच बसलेला असतो. उपकरणाशेजारी काय घडले ते त्याला दिसत नाही, त्याच्यासमोर फक्त आकडे असतात. म्हणून अलर्ट आल्यावर त्याला पडणारा पहिला प्रश्न एकच असतो : पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र बदलले, की आपले मोजमाप बिघडले?

हा प्रश्न जुना आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेची ट्राम येणार हे स्पष्ट झाले, तेव्हा वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांच्यापुढे संकट उभे राहिले. ट्रामचा विद्युतप्रवाह जमिनीत झिरपला की जवळची चुंबकसुई हलणार, आणि ते हलणे पृथ्वीचे नसणार. त्यांनी वेधशाळा अलिबागला हलवली. पण जुनी बंद करून नवी सुरू केली, असे केले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे दोन जागांमधला फरक कळावा आणि मालिका तुटू नये. स्वतंत्र दुसऱ्या मोजमापाशी ताडून पाहणे हा त्यांचा उपाय होता. आपल्या टिपणातली मुख्य पायरीही तीच आहे. त्यांना ताडून पाहायला दोन वर्षे लागली, आपल्याला एक वजाबाकी पुरते.

ती वजाबाकी अशी. वेधशाळेत दोन प्रकारची उपकरणे सतत चालू असतात. फ्लक्सगेट क्षेत्राचे तीन घटक वेगवेगळे मोजते : उत्तरेकडचा X, पूर्वेकडचा Y आणि खाली जाणारा Z. दुसरे उपकरण प्रोटॉन किंवा ओव्हरहाउझर मॅग्नेटोमीटर. त्याला दिशा कळत नाही, पण क्षेत्राची एकूण तीव्रता F ते फार विश्वासाने सांगते, कारण त्याचे मोजमाप प्रोटॉनच्या परांचनाच्या वारंवारतेवर आधारलेले असते. ही दोन उपकरणे एकमेकांवर अवलंबून नाहीत. तेव्हा तीन घटकांवरून काढलेली एकूण तीव्रता आणि थेट मोजलेली तीव्रता यांत फरक किती, हे पाहायचे :

```
dF = sqrt(X*X + Y*Y + Z*Z) - F
```

याला आपण डेल्टा एफ म्हणतो. अलिबागला F साधारण ४३ हजार नॅनोटेस्ला असते. शांत दिवशी डेल्टा एफ जवळजवळ सपाट रेघ असते. पृथ्वीचे क्षेत्र खरोखर बदलले तर दोन्ही उपकरणे एकत्र हलतात आणि रेघ सपाटच राहते. एकच उपकरण बिघडले तर रेघ मोडते.

१० मे २०२४ ची रात्र घ्या. आंतरराष्ट्रीय वेळेनुसार १७:०५ च्या सुमारास सूर्याकडून आलेला धक्का पृथ्वीच्या चुंबकीय आवरणावर आदळला आणि जगभरच्या आलेखांनी एकदम उडी घेतली. आपल्या घड्याळात तेव्हा रात्रीचे १०:३५ झाले होते. त्या वेळी ड्युटीवर बसलेल्या माणसाचा हिशेब उदाहरणादाखल करून पाहू. समजा, पडद्यावर X ५० नॅनोटेस्लाने वर गेला. अलिबागला क्षेत्र बरेचसे आडवे आहे. आडवा घटक एकूण तीव्रतेच्या साधारण ०.८९ पट, तर Z साधारण ०.४४ पट. म्हणजे X खरोखर ५० ने वाढला असेल, तर F साधारण ४५ ने वाढायला हवे. ओव्हरहाउझरनेही ४५ दाखवले, तर डेल्टा एफ जिथल्या तिथे राहते : अलर्ट खरा, वादळ सुरू झाले आहे, कुणाला झोपेतून उठवून उपकरणे तपासायला लावू नका. ओव्हरहाउझर जागचे हललेच नाही, तर डेल्टा एफ एकदम ४५ दाखवेल : फ्लक्सगेटकडे पाहा. त्या रात्री पुढे क्षेत्र खाली घसरत गेले, आणि वादळाची जागतिक तीव्रता सांगणारा निर्देशांक सुमारे उणे ४०० नॅनोटेस्लापर्यंत उतरला.

इथे आकड्यांच्या एका सापळ्याविषयी थांबून सांगायला हवे, कारण या सापळ्यात नवखे आणि अनुभवी दोघेही सापडतात. आपल्या फाइलींमध्ये, म्हणजे IAGA-2002 या स्वरूपात, न मिळालेल्या मोजमापाच्या जागी 99999.00 लिहिलेले असते. ही रिकाम्या जागेची खूण आहे, मोजमाप नव्हे. समजा सेकंदासेकंदाच्या ६० आकड्यांची साधी सरासरी काढताना त्यातली एकच खूण गाळायची राहिली. F ४३ हजार असताना ती एकटी खूण मिनिटाची सरासरी साधारण ९५० नॅनोटेस्लाने वर ढकलते. आकडा ५७ हजारांनी उडाला असता तर कुणीही चूक ओळखली असती. ९५० मात्र खोटा वाटत नाही. १८५९ च्या सप्टेंबरातल्या महावादळात कुलाब्याच्या नोंदीत आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरला होता, मग ९५० का नसावेत? ओळखायची खूण दिशेत आहे. वादळाच्या मुख्य टप्प्यात आपल्या अक्षांशावर क्षेत्र खाली जाते, आणि 99999 सरासरीला नेहमी वरच ढकलते. म्हणून टिपणात डेल्टा एफच्याही आधी एक ओळ आहे : फाइल उघडून त्या मिनिटाच्या आसपास 99999 शोधा. एका मिनिटाचे काम आहे.

१८५९ चा उल्लेख आला म्हणून आणखी एक सांगतो. त्या दिवशी कुलाब्याला क्षोभाच्या काळात दर काही मिनिटांनी डोळ्यांनी वाचन घेऊन हाताने लिहिले गेले. लिहिणाऱ्याला तो आकडा नक्कीच अविश्वसनीय वाटला असेल. तरी त्याने तो खोडला नाही. २००३ मध्ये संशोधकांनी, त्यांत आपल्या संस्थेचेही होते, त्याच नोंदींवरून त्या वादळाची तीव्रता नव्याने मोजली. म्हणूनच टिपणात म्हटले आहे की शंकास्पद मिनिटाला खूण करा, पुसू नका. मूळ फाइलीला हात लावायचा नाही.

आता डेल्टा एफ मोडली तर काय? मोडण्याचा आकार पाहा, कारण तो बहुतेकदा बोलतो. तीव्र उडी आणि काही मिनिटांत पूर्ववत : काहीतरी लोखंडी जवळून गेले, बहुधा वाहन. वाहनाचा परिणाम दोन्ही उपकरणांवर होतो, पण सारखा होत नाही. लोखंडाचे क्षेत्र अंतराच्या घनाने क्षीण होते, दहा मीटरवर जो परिणाम असतो तो वीस मीटरवर आठवा हिस्सा उरतो, आणि दोन्ही उपकरणे त्यापासून सारख्या अंतरावर नसतात. रोज दुपारी हळूच वर चढणारी आणि रात्री उतरणारी लाट : खोलीचे तापमान, कारण फ्लक्सगेटला उष्णता जाणवते. पावसाळ्यात वीज जाऊन आल्यानंतर झालेली पायरी : पुरवठा किंवा उपकरण पुन्हा सुरू होण्यातला दोष. आणि पायरी पडून तिथेच राहिली, वीजही गेली नव्हती, तर कुणीतरी काहीतरी ठेवले आहे.

या शेवटच्या प्रकाराचा मला एकदा चटका बसला. मी ज्या वेधशाळेत उमेदवारी करत होतो, तिथे पावसाळ्यात छत दुरुस्त करायला माणसे आली होती. दुपारी डेल्टा एफ १ वरून ७ वर गेली आणि तिथेच थांबली. अलर्ट आला होता. मी तो उपकरणाच्या आधाररेषेतला बदल समजून पुढे गेलो, कारण सहा नॅनोटेस्ला मला लहान वाटले. चार दिवसांनी कुणीतरी खोलीच्या भिंतीला टेकवून ठेवलेली लोखंडी शिडी पाहिली. त्या चार दिवसांचा डेटा दुरुस्त करायला मला आठवडा लागला. दुरुस्ती अंदाजानेच झाली, कारण शिडी नेमकी केव्हा ठेवली आणि मधल्या काळात कितीदा हलवली, याची नोंद कुठेच नव्हती. पायरी पडली त्याच मिनिटाला मी फोन केला असता, तर शिडी त्याच दुपारी बाहेर गेली असती.

डेल्टा एफची एक मर्यादा मात्र मनात पक्की ठेवा. अलिबागला चुंबकीय सुई जवळजवळ खऱ्या उत्तरेकडेच बघते, त्यामुळे Y एकूण तीव्रतेच्या तुलनेत अगदी नगण्य असतो. वरच्या सूत्रात Y दहा नॅनोटेस्लाने चुकला तरी डेल्टा एफ हलत नाही म्हटले तरी चालेल. X मधली दहाची चूक तिच्यात नऊच्या आसपास दिसते, Z मधली चार-साडेचार, आणि Y मधली जवळजवळ शून्य. फ्लक्सगेटचा पाया एका बाजूला किंचित वळला तर नेमका Y बिघडतो, आणि डेल्टा एफ सपाटच राहते. म्हणून Y वर आलेल्या अलर्टसाठी टिपणातली पायरी वेगळी आहे : दुसऱ्या वेधशाळेचा त्याच वेळेचा Y काढून शेजारी ठेवा. वादळ सगळीकडे दिसते, वळलेला पाया एकाच ठिकाणी. तिथेही उत्तर मिळाले नाही, तर माणसाने थिओडोलाइटवर घेतलेल्या पुढच्या निरपेक्ष मोजमापाची वाट पाहावी लागते. त्यासाठी दुसरा मार्ग नाही.

वेळेबाबत शेवटची सूचना. फाइलींतली वेळ आंतरराष्ट्रीय असते, भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच तास पुढची. नोंदवहीत दोन्ही लिहा. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात आपली तारीख पुढे सरकलेली असते आणि फाइलीतली अजून कालचीच असते. चुकीच्या दिवसाची फाइल बहुतेकदा याच वेळेत उघडली जाते.

आता पान उलटण्याआधी माझी एक विनंती आहे. अलर्ट येण्याची वाट पाहू नका. एखाद्या शांत दिवशी बसून तुमच्या वेधशाळेची डेल्टा एफ स्वतः काढा. ती नेहमी कोणत्या आकड्यावर असते आणि किती थरथरते, हे पाठ करून टिपणाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवा. ती जागा त्यासाठीच मोकळी सोडली आहे.