मृत्यू प्रमाणपत्र (उरण)

मृत्यूची नोंद राहत्या गावी नव्हे, मृत्यू घडला त्या ठिकाणी होते, हे १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाचे मूळ सूत्र आहे. उरण शहरात ती नगरपरिषद करते, गावांत ग्रामपंचायत. करंजाचा रुग्ण वाशीच्या रुग्णालयात दगावला, तर रुग्णालय नवी मुंबई महापालिकेला कळवते आणि दाखला तिथूनच मिळतो. नातेवाईक मात्र उरणमध्येच हेलपाटे घालत राहतात. मृत्यू घरी झाल्यास कुटुंबप्रमुखाने २१ दिवसांत कळवावे. वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो.

दाखल्याचा आग्रह अडवणुकीसाठी नसतो. बँकेने वारसनोंद असलेल्या व्यक्तीला रक्कम दिली की बँकेची जबाबदारी संपते, पण त्यासाठी खातेदाराच्या मृत्यूचा पुरावा हवा. विमा कंपनी तारखेवरून पॉलिसी तेव्हा चालू होती का ते पाहते. निवृत्तिवेतन कार्यालय त्याच तारखेला मूळ निवृत्तिवेतन थांबवून दुसऱ्या दिवसापासून कुटुंब निवृत्तिवेतन धरते. दाखल्यावर मृत्यूचे कारण नसते, म्हणून विमा कंपनी रुग्णालयाची कागदपत्रे वेगळी मागते.

दावे बहुधा नावातील फरकामुळे अडतात. रुग्णालयाच्या अर्जातले नाव आधार व पासबुकाशी तिथेच ताडून घ्यावे.