वीर्यपतनाच्या वेळी वेदना: कारण कसे शोधतात?

वीर्य बाहेर पडताना किंवा त्यानंतर दुखणे, जळजळ होणे ही तक्रार अनेक पुरुष महिनोन्‌महिने कोणालाच सांगत नाहीत. संबंध टाळले जातात आणि पत्नीचा गैरसमज होतो. शेवटी औषधाच्या दुकानातून ‘लघवीच्या जळजळीची गोळी’ आणली जाते. हा त्रास हस्तमैथुनामुळे किंवा ‘धातू गेल्यामुळे’ होत नाही. त्यामागे बहुतेक वेळा शोधता येण्यासारखे कारण असते. मात्र सर्वांना एकच औषध लागू पडत नाही, म्हणून आधी कारण शोधावे लागते.

वेदना का होते?

मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते. तिच्या मागच्या बाजूला वीर्यकोश नावाच्या दोन पिशव्या असतात. वीर्यपतनाच्या वेळी प्रोस्टेट, वीर्यकोश आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू जोराने आकुंचन पावतात आणि वीर्य मूत्रमार्गातून बाहेर येते. या वाटेवर कुठे सूज, जंतुसंसर्ग किंवा अडथळा असेल तर एरवी न जाणवणारे दुखणे या क्षणी जाणवते.

कुठे दुखते ते नीट आठवा

तपासणीला जाण्यापूर्वी एवढे पाहून ठेवा: दुखते कुठे, वीर्य बाहेर पडताना दुखते की नंतर, किती वेळ टिकते आणि सोबत आणखी काय होते.

*लिंगाच्या टोकाशी जळजळ, लघवीलाही जळजळ:* हा मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. सोबत पू किंवा पांढरट स्राव येत असेल तर गोनोरिया किंवा क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारांची तपासणी करतात. निदान झाले तर जोडीदाराचेही उपचार करावे लागतात, नाहीतर संसर्ग परत होतो.

*अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत किंवा ओटीपोटात खोल दुखणे:* असे दुखणे बहुधा प्रोस्टेटच्या सुजेचे असते. लघवी वारंवार लागते, धार बारीक होते आणि वीर्यपतनानंतर काही तास ठणका राहतो. वयानुसार प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांमध्येही अशी वेदना होऊ शकते.

*वेदनेसोबत वीर्य खूप कमी येणे किंवा वीर्यात रक्त दिसणे:* वीर्य वाहून आणणाऱ्या बारीक नळीत किंवा वीर्यकोशात खडा असेल किंवा नळी अरुंद झाली असेल तर असे होते. यासाठी गुदद्वारातून केली जाणारी सोनोग्राफी उपयोगी पडते. मूत्रवाहिनीच्या अगदी खालच्या टोकाला अडकलेला मुतखडाही लिंगाच्या टोकापर्यंत कळ आणतो. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘प्रोस्टेटमध्ये कॅल्सिफिकेशन’ असे लिहिलेले असेल तर घाबरू नका. असे बारीक ठिपके कोणताही त्रास नसलेल्या अनेक पुरुषांमध्येही दिसतात.

*नवीन औषध सुरू केल्यानंतर आलेली वेदना:* नैराश्यावरच्या काही औषधांमुळे, उदाहरणार्थ क्लोमिप्रामिन, फ्लुओक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिनमुळे, क्वचित हा त्रास होतो. औषध सुरू केल्यानंतर किंवा डोस वाढवल्यानंतर दुखणे सुरू झाले का, हे तारखांसह सांगा. डोस कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर वेदना सहसा थांबते. पण ही औषधे स्वतःहून एकदम बंद करू नका. चक्कर, बेचैनी, झोप न येणे असे त्रास होतात आणि मूळ आजारही उलटू शकतो.

हर्नियाच्या किंवा नसबंदीच्या शस्त्रक्रियेनंतरही काहींना असे दुखते. शस्त्रक्रिया जुनी असली तरी डॉक्टरांना तिची माहिती द्या.

एक उदाहरण

समजा, 38 वर्षांच्या एका गृहस्थांना तीन आठवड्यांपासून वीर्यपतनाच्या वेळी खोल दुखते आणि लघवीला जळजळ होते. ताप नाही. त्यांनी दुकानातून आणलेले अँटिबायोटिक पाच दिवस घेतले आणि बरे वाटले. पंधरा दिवसांत दुखणे परत आले. चूक कुठे झाली?

पहिली गोष्ट, औषधापूर्वी लघवीचे कल्चर झाले नाही, त्यामुळे जंतू कोणता आणि त्याला कोणते औषध मारेल हे कळलेच नाही. दुसरी गोष्ट, प्रोस्टेटच्या आत सगळी अँटिबायोटिक नीट पोहोचत नाहीत. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयाच्या संसर्गावर चांगले चालते, पण प्रोस्टेटमध्ये पुरेसे उतरत नाही. अशा वेळी लघवीतले जंतू मरतात, जळजळ थांबते आणि ग्रंथीतले जंतू मात्र तिथेच राहतात.

आता डॉक्टर गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट तपासतात. ही तपासणी एखाद-दोन मिनिटांची असते. थोडे अवघडल्यासारखे वाटते, एवढेच. मग लघवीचे दोन नमुने घेतात, एक प्रोस्टेट हलके दाबण्यापूर्वी आणि एक नंतर. दुसऱ्या नमुन्यात पेशी आणि जंतू जास्त आढळले तर संसर्ग प्रोस्टेटमध्ये आहे असे समजते. यांच्या दुसऱ्या नमुन्यात ई. कोलाय हा जंतू सापडला. कल्चरनुसार प्रोस्टेटमध्ये पोहोचणारे अँटिबायोटिक निवडले जाते आणि ते साधारण 4 ते 6 आठवडे घ्यावे लागते. दुखणे त्याआधीच कमी होते, पण तिथे गोळ्या थांबवल्या तर पुन्हा पहिल्यासारखेच होते.

तपासणीत जंतू सापडले नाहीत तर?

असे बरेचदा होते. प्रोस्टेटच्या दीर्घकाळ दुखण्यात जंतू नसलेला प्रकारच जास्त आढळतो. त्यात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत ताठरलेले असतात. इथे पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक घेऊन उपयोग होत नाही. सूज कमी करणारी औषधे, लघवीचा मार्ग सैल करणारी औषधे, कोमट पाण्यात बसणे आणि स्नायू सैल करायला शिकवणारी फिजिओथेरपी यांनी आराम पडतो. सुधारणा हळूहळू, काही आठवड्यांत दिसते. स्नायू आवळण्याचे व्यायाम स्वतःच्या मनाने करू नका. आधीच ताठरलेल्या स्नायूंचे दुखणे त्याने वाढू शकते.

आणखी एक गोष्ट: प्रोस्टेटला संसर्ग असताना पीएसए ही रक्ततपासणी वाढलेली येते. तेवढ्यावरून कर्करोग झाला असे धरू नका. संसर्ग बरा झाल्यावर साधारण 6 ते 8 आठवड्यांनी ती पुन्हा करून पाहतात.

लगेच दवाखान्यात कधी जावे?

- थंडी वाजून ताप येत असेल आणि लघवीला त्रास होत असेल
- लघवी अडकली असेल
- वृषणात अचानक तीव्र कळ किंवा सूज आली असेल. वृषणाला पीळ पडला असेल तर उपचाराला काही तासांचाच अवधी असतो

वीर्यात एकदाच रक्त दिसले आणि वय चाळिशीच्या आत असेल तर सहसा धोका नसतो, तरी डॉक्टरांना सांगा. वय चाळिशीच्या पुढे असेल किंवा रक्त पुन्हा पुन्हा दिसत असेल तर मूत्ररोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या.

डॉक्टरांकडे जाताना

सध्याच्या सर्व औषधांची नावे, ती कधी सुरू झाली त्या तारखा, जुने सोनोग्राफी रिपोर्ट आणि शस्त्रक्रियेचे कागद सोबत ठेवा. लघवीचा नमुना देईपर्यंत अँटिबायोटिक सुरू करू नका. तापासारखी तातडीची लक्षणे असतील तर मात्र थांबू नका. नमुना दवाखान्यात घेतात आणि लगेच उपचार सुरू करतात. मूत्रमार्गाच्या संसर्गाची शंका असेल तर रिपोर्ट येईपर्यंत संबंध टाळा. बोलताना संकोच वाटला तर ‘वीर्य येताना दुखते’ एवढे एक वाक्य पुरेसे आहे. पुढचे प्रश्न डॉक्टर विचारतील.