मानेतील धमनीचा अडथळा : मधुमेहींनी अहवाल कसा वाचावा?

शिरवळ : मधुमेहाच्या रुग्णाला डॉक्टरांनी मानेची 'कॅरोटिड डॉप्लर' तपासणी सांगितली आणि अहवालात 'प्लाक' व 'स्टेनोसिस' हे दोन शब्द दिसले, की घरात एकदम लकव्याची चर्चा सुरू होते. या दोन शब्दांचा अर्थ एक नाही आणि त्यांच्यामुळे संभवणारा धोकाही सारखा नाही.

मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांना कॅरोटिड म्हणतात. जबड्याच्या खाली त्यांना फाटा फुटतो व आतील शाखा मेंदूकडे जाते. या फाट्यापाशी रक्तप्रवाह गरगरतो आणि तेथेच चरबीचा, चुन्याचा थर साचतो. हा थर म्हणजे प्लाक. त्यामुळे धमनीचे तोंड अरुंद झाले, तर ते स्टेनोसिस. थर असूनही तोंड पुरेसे मोकळे असू शकते.

तपासणी सोनोग्राफीचीच असते. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. यंत्र धमनीचे चित्र दाखवते, पण अरुंदपणाची टक्केवारी मुख्यतः रक्ताच्या वेगावरून काढली जाते. नळीचे तोंड बोटाने दाबले, की पाणी जोरात उडते, तसेच हे आहे. आतील शाखेतील सर्वोच्च वेग सेकंदाला १२५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर अरुंदपणा ५० टक्क्यांच्या आत मानतात. १२५ ते २३० म्हणजे ५० ते ६९ टक्के आणि २३० च्या वर ७० टक्क्यांहून अधिक. त्यामुळे अहवालात टक्केवारीबरोबर वेगाचे आकडे आहेत की नाहीत, हे पाहावे.

मात्र वेग फसवूही शकतो. धमनी जवळजवळ बंद झाली, की वेग उलट कमी होतो. एका बाजूची धमनी पूर्ण बंद असेल, तर दुसऱ्या बाजूवर भार पडून तेथील वेग वाढतो. मधुमेहींमध्ये चुन्याचा थर अनेकदा आढळतो; त्याची काळी सावली पडून मागचा प्रवाह दिसत नाही. अशा वेळी सीटी अँजिओग्राफी करावी लागते. तिच्यासाठी लागणारे औषध मूत्रपिंडावर ताण देऊ शकते, म्हणून मधुमेहीने आधी क्रिएटिनिन तपासून घ्यावे.

उदाहरणादाखल शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारे, बारा वर्षांपासून मधुमेह असलेले ५८ वर्षांचे गृहस्थ घेऊ. उजव्या आतील शाखेत वेग १५०, म्हणजे ५० ते ६९ टक्के अरुंदपणा; डावीकडे केवळ पातळ थर. लक्षण कोणतेही नाही. अशा रुग्णात नियमित औषधे चालू असता त्या धमनीमुळे लकवा होण्याची शक्यता वर्षाला साधारण शंभरात एक किंवा त्याहूनही कमी असते. सहसा शस्त्रक्रियेची घाई केली जात नाही. स्टॅटिन, रक्तदाबाचे नियंत्रण, तंबाखू पूर्ण बंद आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲस्पिरिन, हा उपचार. मानेत थर म्हणजे हृदयाच्या धमन्यांतही तो असण्याची शक्यता मोठी, हे अनेकदा विसरले जाते.

आता याच गृहस्थांचा डावा हात दहा मिनिटे लुळा पडून पूर्ववत झाला, किंवा उजव्या डोळ्यासमोर पडदा आला, तर चित्र पालटते. थराचा पृष्ठभाग फाटून त्यावरील गुठळीचा कण वर गेला, असा त्याचा अर्थ असू शकतो. लकवा बहुधा असाच येतो. केवळ रक्त कमी पोहोचल्याने क्वचित. उत्तर अमेरिकेतील १९९१ च्या गाजलेल्या अभ्यासात, लक्षणे दिसलेल्या व ७० टक्क्यांहून अधिक अरुंदपणा असलेल्या रुग्णांपैकी केवळ औषधांवर असलेल्या २६ टक्के जणांना दोन वर्षांत त्या बाजूचा लकवा झाला. थर काढण्याची शस्त्रक्रिया केलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. ही शस्त्रक्रिया लक्षणानंतर दोन आठवड्यांत झाली, तर लाभ सर्वाधिक. ५० ते ६९ टक्क्यांतही लक्षण दिसले, तर तिचा विचार होतो, पण लाभ कमी असतो.

निव्वळ चक्कर येते म्हणून ही तपासणी करून घेणारे बरेच असतात. चक्कर सहसा या धमनीमुळे येत नाही. उलट अहवाल निर्दोष आला म्हणून मधुमेही निर्धास्त राहू शकत नाही. त्याच्या मेंदूतील बारीक वाहिन्या आणि कवटीच्या आतील धमन्या या तपासणीत दिसत नाहीत, आणि भारतीय रुग्णांत कवटीच्या आतील अरुंदपणा पुष्कळ आढळतो.

तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोबडी वळणे यांपैकी काही घडले, तर प्रथम ग्लुकोमीटरने साखर पाहावी, कारण साखर फार उतरल्यानेही हुबेहूब अशीच लक्षणे दिसतात. मात्र त्यासाठी १०८ ला दूरध्वनी करण्यास विलंब नको. सीटी स्कॅनपूर्वी ॲस्पिरिन देऊ नये. रक्तस्राव असल्यास ते घातक ठरते. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. शिरवळहून पुणे सुमारे ५० किलोमीटर, तर साताऱ्याला जाण्यासाठी खंबाटकी ओलांडावी लागते. त्यामुळे सीटी स्कॅन व हे इंजेक्शन चोवीस तास कोणत्या रुग्णालयात मिळते, याची चौकशी घरच्यांनी आधीच करून ठेवावी, आणि रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहून सोबत न्यावी.