एक तासाची मीटिंग २० मिनिटांच्या कॉलवर आली, तर काय गाळलं हे कसं सांगायचं?

ऑगस्टमधली संध्याकाळ. यवतमाळ जिल्ह्यात दोन दिवस पाऊस झोडपतोय. उद्या ११ वाजता ऑफिसात एक तासाची मीटिंग ठरलेली आहे आणि तेवढ्यात निरोप येतो की, उद्या सकाळपासून पंचनामे सुरू होणार. ज्यांनी मीटिंग घ्यायची तेच शेतात असणार. मग ग्रुपवर मेसेज पडतो, "उद्याची मीटिंग फोनवर, २० मिनिटांत आटपू."

मेसेज टाकणाऱ्याचं काम झालं. वाचणाऱ्याला मात्र कळत नाही की नेमकं काय आटपणार आहे. पाच विषय होते, त्यातले किती राहिले? आपण जी आकडेवारी रात्री बसून काढली, ती लागणार आहे का? गावातून एसटीने निघायचं की नाही?

एक उदाहरण घेऊन बघू. उदाहरण काल्पनिक आहे, पण अशी मीटिंग जिल्ह्यातल्या १६ पैकी कुठल्याही तालुक्यात होऊ शकते. समजा घाटंजी तालुक्यात एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे. आठ गावांचे आठ प्रतिनिधी आणि मीटिंग चालवणारा व्यवस्थापक. अजेंडा असा होता. मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचायचं, १० मिनिटं. गावागावांतून खत-औषधाची मागणी घ्यायची, १५ मिनिटं. कंपनीचे चार फवारणी पंप आधी कुठल्या गावांना द्यायचे, १० मिनिटं. दिवाळीच्या सुमाराच्या कापूस खरेदीची तयारी, १० मिनिटं. आणि सगळ्यात शेवटी फवारणीचं सुरक्षा किट घालून दाखवायचं, १५ मिनिटं. झाला एक तास.

आता बहुतेक जण काय करतात? वरून सुरुवात करतात आणि वेळ संपला की थांबतात. म्हणजे इतिवृत्त वाचून होतं, मागणीवर अर्धवट बोलणं होतं आणि कॉल संपतो. पंपाचं आणि किटचं नावही निघत नाही.

इथेच खरी गडबड आहे. अजेंड्यात जे शेवटी असतं ते कमी महत्त्वाचं असतं असं नाही. किट शेवटी ठेवलं होतं कारण ते मोकळ्या जागेत उभं राहून दाखवायचं होतं, एवढंच. आणि यवतमाळमध्ये हा विषय गुपचूप गळून पडणं परवडणारं नाही. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, अनेकांनी दोन-तीन औषधं एकत्र मिसळली होती आणि तोंडाला रुमालापलीकडे काही नव्हतं. त्यामुळे आपल्या उदाहरणात पंप वाटले गेले आणि किटचं राहून गेलं, तर तो नुसता वेळापत्रकाचा घोळ राहत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, अजेंडा वरून खाली कापत यायचा नाही. आधी हातात किती वेळ आहे ते मोजायचं.

२० मिनिटं म्हणजे बोलायला २० मिनिटं नाहीत. व्हॉट्सॲपच्या ग्रुप कॉलवर ३२ जण बसतात, आपण तर नऊच आहोत, पण "आवाज येऊन राहिला का?" यातच तीन मिनिटं जातात. शेवटी काय ठरलं ते परत वाचून दाखवायला तीन मिनिटं लागतात. उरली १४. आठ प्रतिनिधी प्रत्येकी एक मिनिट बोलले तरी आठ मिनिटं संपली. म्हणजे सगळ्यांनी बोलावं असा एकच विषय या कॉलमध्ये बसतो. दुसरा विषय घ्यायचा तर तो एकाने सांगायचा आणि बाकीच्यांनी हो-नाही म्हणायचं, असाच हवा.

हे एकदा मान्य केलं की निवड सोपी होते. प्रत्येक विषयाला एकच प्रश्न विचारायचा, हे ठरवायला सगळे एका वेळी लागतात का?

इतिवृत्ताला नाही लागत. वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाका, ज्याला दुरुस्ती सुचवायची तो लिहील. खत-औषधाच्या मागणीलाही नाही, तो निव्वळ आकडा आहे. प्रत्येकाने सकाळी नऊपर्यंत लिहून पाठवला तर तोंडी सांगण्यात जाणारी १५ मिनिटं वाचतात, शिवाय ऐकण्यात चूक होत नाही. कापूस खरेदी अजून लांब आहे, ती पुढे जाऊ शकते.

पंपांचं मात्र फोनवर सगळ्यांसमोरच ठरायला हवं. पंप चार आणि गावं आठ, म्हणजे चार गावांना थांबावं लागणार. हे एकेकट्याला फोन करून ठरवलं की "त्यांना आधी कसे काय दिले?" हे सुरू झालंच म्हणून समजा. पंपांना नऊ मिनिटं.

आणि किट? ते फोनवर दाखवता येत नाही. मास्क नाकाशी नीट बसला का, हातमोजे बाहीच्या आत की बाहेर, हे समोर घालूनच कळतं. मग किटचं प्रात्यक्षिक कॉलमधून जाणार. पण पंप द्यायचं ठरतंय आणि प्रात्यक्षिक पुढे जातंय, या दोन गोष्टी सुट्या ठेवल्या तर मधल्या दिवसांत फवारणी सुरू होईल. म्हणून उरलेल्या पाच मिनिटांत एकच ठराव, प्रात्यक्षिक होईपर्यंत कुठल्याच गावाला पंप द्यायचा नाही. गाळलेल्या विषयावर दुसरं काही अवलंबून असेल तर दोघांनाही एकत्र थांबवायचं. तीन, नऊ, पाच आणि तीन, झाली २० मिनिटं.

आता सांगायचं कसं. "बाकी विषय नंतर बघू" हे वाक्य सगळ्यात जास्त घात करतं. कारण "नंतर" या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी लपतात. काही विषय लिखित होणार असतात, काहींची तारीख बदललेली असते आणि काही चक्क रद्द झालेले असतात. ऐकणारा आपल्या सोयीचा अर्थ घेतो. कापूस खरेदीवर बोलायचं राहिलं, म्हणजे मागच्या वर्षीसारखंच करायचं असं एकाला वाटतं. दुसऱ्याला वाटतं, यंदा कंपनी खरेदीच करणार नाही.

म्हणून गाळलेल्या प्रत्येक विषयाचं नाव घ्यायचं आणि त्याच्यासमोर त्याचं काय होणार ते लिहायचं. आपल्या उदाहरणातला मेसेज असा होईल:

"नमस्कार. उद्या ऑफिसला येऊ नका. पंचनाम्यामुळे ११ ची मीटिंग व्हॉट्सॲप कॉलवर होईल, ११ ते ११:२०.
कॉलवर दोनच गोष्टी: पहिल्या आठवड्यात पंप कोणत्या चार गावांना, आणि किटचं प्रात्यक्षिक होईपर्यंत पंप थांबवायचे का.
कॉलवर नसलेले विषय:
इतिवृत्त – फोटो खाली टाकतो आहे. दुरुस्ती असल्यास उद्या रात्री आठपर्यंत लिहा.
खत-औषधाची मागणी – उद्या सकाळी नऊपर्यंत आपल्या गावाचा आकडा आणि तातडीची फवारणी किती एकर ते इथेच लिहा. पंपांचा निर्णय यावरूनच होईल.
सुरक्षा किट – रद्द नाही. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता ऑफिसला, समोरासमोर.
कापूस खरेदी – सप्टेंबरच्या बैठकीत. तोवर काहीच ठरलेलं नाही.
ज्यांना यातलं काही थांबू शकत नाही असं वाटतं, त्यांनी आज रात्री नऊच्या आत मला फोन करा."

यात पहिलंच वाक्य "येऊ नका" हे आहे. कारण सकाळच्या पहिल्या एसटीने निघणारा माणूस मेसेज शेवटपर्यंत वाचेलच असं नाही. "तोवर काहीच ठरलेलं नाही" हे लिहायला विचित्र वाटतं, पण अफवा तिथेच थांबते. आणि शेवटची ओळ नुसती सौजन्याची नाही. विषय गाळणाऱ्याला नेहमीच सगळं माहीत नसतं. एखाद्या गावात औषध संपलेलं असेल आणि तिथली मागणी सकाळपर्यंतही थांबू शकत नसेल.

मेसेजबद्दल आणखी एक. हा मेसेज नवा टाकायचा, जुना एडिट करायचा नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांच्या आत बदलता येतो, पण बदललेल्या मेसेजचं नोटिफिकेशन जात नाही. ज्याने आधीचा वाचला, तो जुन्याच वेळेला ऑफिसच्या दारात उभा. गुगल कॅलेंडरवर मीटिंग लावली असेल तर तिथे शेवटची वेळ कमी करून सेव्ह करताना अपडेट पाठवायचं का असं विचारलं जातं, तिथे `Send` दाबा. `Don't send` दाबलं तर बदलाचा ईमेल कुणालाच जात नाही.

पण सगळ्यांना एकच मेसेज पुरत नाही. ज्याचा विषय गाळला त्याला ग्रुपवर टाकण्याआधी फोन करायचा. समजा किट दाखवायची तयारी एका प्रतिनिधी ताईंनी केली होती. त्यांना ग्रुपवरूनच कळलं तर त्या म्हणतील, "मी तं सगळं सामान काढून ठेवलं होतं नं भाऊ, एक फोन तं करायचा." दोन मिनिटांचा फोन केला तर "ताई, फोनवर ते नीट दिसणार नाही, शुक्रवारी जमेल का?" हेही तिथेच विचारून होतं. आपल्या मेसेजमध्ये शुक्रवार लिहिला आहे तो असा विचारून. न विचारता टाकलेली तारीख पुन्हा बदलावी लागते.

कॉल सुरू असताना एक जण हमखास गाळलेला विषय काढतो. "कापसाचं काय मग?" त्याला गप्प करायचं नाही, पण उत्तरही द्यायचं नाही. "काका, ते सप्टेंबरला, मी लिहून घेतलं" एवढं म्हणून पुढे जायचं. एकाला उत्तर दिलं की दुसरा बोलतो आणि पंपांची नऊ मिनिटं तिथेच जातात.

गाळणं नीट जमलं की नाही हे दुपारपर्यंत कळतं. कॉलनंतर "मग त्याचं काय ठरलं?" असे फोन यायला लागले, तर मेसेजमध्ये काहीतरी सुटलं होतं. कुणी काहीच विचारलं नाही म्हणून सगळं समजलं असंही धरू नका. सकाळी नऊपर्यंत आठपैकी पाचच गावांचे आकडे आले, तर उरलेल्या तिघांनी मेसेज वाचलाच नसण्याची शक्यता आहे. त्यांना कॉलच्या आधी फोन करावा लागतो.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवं. वर आहे ती प्रतिनिधींची कामकाजाची बैठक. त्याच कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक असेल तर गोष्ट वेगळी. कंपनी कायद्यानुसार उत्पादक कंपनीच्या संचालकांना किमान सात दिवस आधी नोटीस द्यावी लागते, त्याहून कमी मुदतीत बैठक बोलावली तर कारण लेखी नोंदवावं लागतं, आणि गणपूर्तीला एक तृतीयांश पण किमान तीन संचालक लागतात. तिथे गाळलेला विषय "तहकूब" म्हणून इतिवृत्तात लिहिलेला बरा, नाहीतर वर्षभराने तो मंजूर होता की नामंजूर यावर वाद होतो. ग्रामसभा तर व्हॉट्सॲप कॉलवर उरकायची गोष्टच नाही.

आपल्या उदाहरणातलं इतिवृत्त मात्र चार ओळींचं असेल. पंप कुठल्या चार गावांना, प्रात्यक्षिक शुक्रवारी नऊला, त्याआधी पंप नाही, आणि कापूस खरेदी पुढे ढकलली. कॉल ठेवल्यावर पाच मिनिटांत त्याचा फोटो ग्रुपवर टाका. पंचनाम्याला निघायची घाई असेल तर रस्त्यातून टाका, पण रेंज असेल तिथून.