सिस्प्लॅटिन आणि 'लाल औषध': केमोथेरपीत मूत्रपिंड, कान आणि हृदय कसं जपलं जातं?

कर्जत किंवा खोपोलीहून लोकल पकडून परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार घेणाऱ्यांच्या फाइलमध्ये दोन औषधांची नावं अनेकदा दिसतात. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात सिस्प्लॅटिन, तर स्तनाच्या कर्करोगात डॉक्सोरुबिसिन. ही औषधं कर्करोगाच्या पेशी मारतात. पण सिस्प्लॅटिनमुळे मूत्रपिंड आणि कानाला, तर डॉक्सोरुबिसिनमुळे हृदयाच्या स्नायूला इजा होऊ शकते.

ही इजा सुरुवातीला रुग्णाला जाणवतच नाही. त्यामुळे ती लक्षणांवर नव्हे, तर ठरलेल्या वेळी केलेल्या चाचण्यांवर पकडावी लागते.

मूत्रपिंडाला इजा का होते?

सिस्प्लॅटिन शरीराबाहेर पडतं ते मुख्यतः लघवीवाटे. रक्त गाळणाऱ्या मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी हे औषध आत ओढून घेतात. तिथे ते रक्तापेक्षा जास्त प्रमाणात साठतं आणि त्या पेशी मरू लागतात. या नलिका बिघडल्या की लघवीतून मॅग्नेशियमही वाहून जातं.

म्हणूनच सिस्प्लॅटिनच्या आधी आणि नंतर सलाईन चढवतात. मोठ्या डोसला ते साधारण दोन ते तीन लिटर असतं आणि त्यात मॅग्नेशियम घालतात. लघवी जास्त झाली की नलिकांमधलं औषध पातळ होतं आणि लवकर निघून जातं.

खरी अडचण घरी गेल्यावर येते. सिस्प्लॅटिनच्या उलट्या दुसऱ्या दिवसापासून चार-पाच दिवस लांबू शकतात. सोबत तोंडाला रेडिएशन सुरू असेल, तर छाले येऊन घोटभर पाणीही गिळवत नाही. त्यात एप्रिल-मेचा उकाडा असेल, तर शरीर कोरडं पडतं आणि मूत्रपिंडावर दुहेरी भार येतो. अशा रुग्णांना नाकातून नळी घालून पाणी आणि पातळ अन्न देतात, त्याचं हेही एक कारण आहे.

याच काळात अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करते. जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं मूत्रपिंड आणि कान या दोघांनाही घातक असतात. ताप आला म्हणून गावातल्या दवाखान्यात गेल्यास सिस्प्लॅटिन सुरू असल्याचं आधी सांगावं लागतं.

रिपोर्ट 'नॉर्मल', तरी धोका कसा?

समजा, खालापूर तालुक्यातला एक शेतकरी आहे. वय 55, वजन 50 किलो. उपचारांआधी त्याच्या रक्तातलं क्रिएटिनिन 0.8 होतं. पुढच्या डोसच्या वेळी ते 1.2 आलं. अनेक लॅबच्या रिपोर्टवर हा आकडा 'नॉर्मल'च्या रकान्यात बसतो.

डॉक्टर मात्र वय आणि वजन धरून मूत्रपिंड मिनिटाला किती रक्त साफ करतं, याचा अंदाज काढतात. 140 मधून वय वजा करायचं, त्याला वजनाने गुणायचं आणि 72 गुणिले क्रिएटिनिनने भागायचं. (स्त्रियांसाठी उत्तराला 0.85 ने गुणतात.) या हिशेबाने त्याची क्षमता आधी सुमारे 74 मिलिलिटर होती, आता ती 49 झाली. म्हणजे एक तृतीयांश घटली.

बारीक माणसाच्या अंगात स्नायू कमी असतात, म्हणून त्याचं क्रिएटिनिन मुळातच कमी असतं. त्यामुळे एका आकड्यापेक्षा आधीच्या आकड्याशी तुलना महत्त्वाची. क्षमता 50 ते 60 च्या खाली गेली, तर पूर्ण डोस सहसा थांबवतात किंवा औषध बदलतात.

मग डोसच कमी का देत नाहीत?

याचं उत्तर टाटा मेमोरियलमध्येच शोधलं गेलं. 2013 ते 2017 या काळात तिथे डोके-मानेच्या कर्करोगाच्या 300 रुग्णांवर अभ्यास झाला. रेडिएशनसोबत निम्म्या रुग्णांना शरीराच्या दर चौरस मीटर क्षेत्रफळामागे 30 मिलिग्रॅम सिस्प्लॅटिन दर आठवड्याला दिलं. उरलेल्यांना दर तीन आठवड्यांनी 100 मिलिग्रॅम दिलं.

छोट्या डोसच्या गटात तीव्र दुष्परिणाम 71.6 टक्के रुग्णांना झाले, मोठ्या डोसच्या गटात 84.6 टक्के. पण दोन वर्षांनी मूळ जागी आणि मानेतल्या गाठींत कर्करोग आटोक्यात राहण्याचं प्रमाण छोट्या डोसमध्ये 58.5 टक्के होतं, मोठ्या डोसमध्ये 73.1 टक्के. त्रास कमी झाला, पण आजार परतण्याचं प्रमाण वाढलं.

पुढे जपानमधल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर आजार परतण्याचा धोका जास्त असलेल्या रुग्णांना आठवड्याला 40 मिलिग्रॅम दिलं, तेव्हा परिणाम मोठ्या डोसपेक्षा कमी पडला नाही. मूत्रपिंड आणि कानाचा त्रासही कमी आढळला. ज्यांना सिस्प्लॅटिन देताच येत नाही, त्यांच्यासाठी टाटा मेमोरियलने रेडिएशनसोबत डोसेटॅक्सेल देऊन पाहिलं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या रेडिएशनच्या 41.7 टक्क्यांवरून 50.8 टक्क्यांवर गेलं.

कानाचं नुकसान कसं कळतं?

आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसांसारख्या पेशी असतात. सिस्प्लॅटिनने त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, म्हणून हा बहिरेपणा कायमचा असतो. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. रुग्णाला गप्पा ऐकू येतात, पण 'स' आणि 'श' निसटतात. कानात सतत शिट्टी वाजल्यासारखं होणं ही मोठी खूण आहे. टाळी वाजवून हे कळत नाही. त्यासाठी 8,000 हर्ट्झपर्यंतची ऑडिओमेट्री लागते, तीही उपचारांआधी आणि उपचार सुरू असताना.

लहान मुलांसाठी सोडियम थायोसल्फेट हे औषध सिस्प्लॅटिननंतर सहा तासांनी देतात. यकृताच्या कर्करोगाच्या मुलांवरच्या एका अभ्यासात श्रवणदोषाचं प्रमाण त्याने 63 वरून 33 टक्क्यांवर आलं. अमेरिकेत त्याला 2022 मध्ये मंजुरी मिळाली, पण ती फक्त न पसरलेल्या गाठी असलेल्या मुलांसाठी. हे औषध सिस्प्लॅटिनलाच निष्प्रभ करतं, त्यामुळे वेळ चुकली तर उपचारच कमजोर होण्याची भीती असते.

'लाल औषध' आणि हृदय

डॉक्सोरुबिसिन हे अँथ्रासायक्लिन गटातलं औषध. त्याच्या रंगामुळे एक-दोन दिवस लघवी लाल होते. ते रक्त नसतं. हृदयाचा धोका आयुष्यभरात मिळालेल्या एकूण डोसवर ठरतो. दर चौरस मीटरमागे एकूण 400 मिलिग्रॅमला सुमारे 5 टक्के रुग्णांचं हृदय कमजोर पडतं, 550 ला सुमारे 26 टक्के. स्तनाच्या कर्करोगात साधारणपणे 60 मिलिग्रॅमचे चार डोस होतात, म्हणजे 240. म्हणून बहुतेकींचं हृदय सुरक्षित राहतं. वय जास्त असेल, रक्तदाब असेल किंवा छातीच्या डाव्या बाजूला रेडिएशन मिळालं असेल, तर कमी डोसलाही धोका वाढतो.

उपचारांआधी आणि नंतर टूडी इको करतात. हृदयाची रक्त फेकण्याची क्षमता दहा अंकांनी घटून 50 टक्क्यांच्या खाली आली, तर हृदयाच्या गोळ्या लगेच सुरू करतात. लवकर सुरू केल्यास क्षमता बरीच परत येऊ शकते. जास्त डोस द्यावाच लागला, तर आधी डेक्सराझोक्सेन देऊन हृदयाला संरक्षण देता येतं.

ही कमजोरी काही वर्षांनीही दिसू शकते. तेव्हा दम लागल्यास किंवा पायांवर सूज आल्यास समोरच्या डॉक्टरला जुना एकूण डोस माहीत असावा लागतो. त्यासाठी डिस्चार्ज कार्ड, पहिला क्रिएटिनिन रिपोर्ट, ऑडिओमेट्री आणि इको हे चार कागद उपचार संपल्यावरही जपून ठेवावे लागतात.