दृढीकरणाची वचने

दृढीकरण : अँग्लिकन परंपरेत बाळपणी बाप्तिस्मा झालेल्या मुलाने जाणते झाल्यावर बिशपांसमोर स्वतः वचन देण्याचा विधी. 1970 साली नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियातही तो चालत आला असून महाराष्ट्रातील अनेक मंडळ्यांत त्याआधी पाळक मुलांचा वर्ग घेतात. पाठांतर वर्गात होतेच. वचनांवरचा धडा मात्र वेगळा शिकवावा लागतो.

त्याची सुरुवात ‘नवस’ या शब्दापासून करावी. मराठी मुलाच्या कानावर तो लहानपणापासून असतो, आणि नवसात अट असते : अमुक मिळाले तर तमुक फेडीन. शास्ते पुस्तकातल्या इफ्ताहाने असाच नवस केला. अम्मोन्यांवर जय मिळाला तर परतताना घरातून जे प्रथम सामोरे येईल ते अर्पण करीन, असे तो बोलून गेला. सामोरी आली ती डफ वाजवत, नाचत त्याची एकुलती एक मुलगी. ही गोष्ट ऐकली की घाईने बोललेल्या शब्दाचे ओझे मुलांना कळते. दृढीकरणाच्या वचनात अट नसते. देवाने जे आधीच दिले त्याला दिलेला तो होकार आहे.

बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता आणि धर्ममाता यांनी बाळाच्या वतीने तीन गोष्टी कबूल केलेल्या असतात : सैतान व त्याची कामे यांचा त्याग, ख्रिस्ती विश्वासाच्या कलमांवर श्रद्धा, आणि देवाच्या आज्ञांचे आयुष्यभर पालन. 1662 च्या प्रार्थनापुस्तकात बिशप हेच वचन पुन्हा विचारतात आणि प्रत्येकाने ऐकू येईल असे उत्तर द्यायचे असते. मग प्रत्येकाच्या मस्तकावर स्वतंत्रपणे हात ठेवला जातो. चुका न करण्याची हमी इथे कोणी मागत नाही. पडल्यावर कुणाकडे वळायचे, हे ठरवणे मागितले जाते.

म्हणूनच थांबण्याची मुभा हवी. डेन्मार्क-नॉर्वेत 1736 साली दृढीकरण सक्तीचे झाले आणि त्यावाचून लग्नही होईना. अशा होकारातून मनातले काय कळणार? आपल्याकडे कायदा नाही, पण बिशपांच्या भेटीची तारीख, शिवलेले पांढरे कपडे आणि बोलावलेले पाहुणे तेच काम करतात. विधीच्या आठवडाभर आधी प्रत्येकाला एकट्याने भेटून कारण विचारावे. ‘आईने सांगितलं म्हणून’ एवढेच उत्तर आले, तर पुढच्या वर्षी या, असे सांगण्यात अपमान नाही. शंका विचारणारा मात्र अपात्र नव्हे. बऱ्याचदा तोच वचनाचा अर्थ मनावर घेत असतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या दोन मुलांपैकी आधी ‘नाही’ म्हणालेलाच अखेर मळ्यात कामाला गेला.

थांबणाऱ्याचा बाप्तिस्मा कायम राहतो आणि तो पुन्हा घ्यावा लागत नाही. 1662 च्या नियमानुसार दृढीकरणाची तयारी व इच्छा असलेल्यालाही प्रभुभोजन घेता येते.