चरित्रातील मौन आणि दप्तरातील कागद

निफाड तालुक्यातील करंजगाव हे कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांचे जन्मगाव. आपल्या देवळ्याप्रमाणेच तेही नाशिक जिल्ह्यातलेच. त्यामुळे 1899 साली तेथे जन्मलेल्या या पुढाऱ्याविषयी आपल्याकडे आपुलकीने बोलले जाते. त्यांच्या गौरवपर चरित्रकथनात कानपूरचा खटला म्हणजे शौर्याचे पर्व : अटक, शिक्षा, तुरुंग आणि सुटका. या चार शब्दांच्या मधल्या जागेत काय घडले, हे जाणून घ्यायचे असेल, तर त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या आठवणी आणि सरकारी कागद शेजारीशेजारी ठेवून वाचावे लागतात.

प्रथम निर्विवाद भाग पाहू. 20 मे 1924 रोजी कानपूरच्या सत्र न्यायाधीशांनी भारतीय दंडविधानाच्या 121-अ कलमाखाली डांगे, मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी व नलिनी गुप्ता या चौघांना प्रत्येकी चार वर्षांची सक्तमजुरी दिली. पोलिसांनी टपालातून हस्तगत केलेली पत्रे हा पुराव्याचा मुख्य आधार होता. येथवर चरित्र आणि न्यायालय यांचे एकमत आहे.

वाद उभा राहिला तो चाळीस वर्षांनी. मार्च 1964 मध्ये मुंबईच्या ‘करंट’ साप्ताहिकाने दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील काही पत्रे उजेडात आणली. सीतापूरच्या तुरुंगातून 1924 साली डांगे यांनी सुटकेच्या बदल्यात सरकारला आपली सेवा देऊ केली, असा त्या पत्रांचा आशय होता. डांगे यांनी ती बनावट ठरवली. 11 एप्रिल रोजी पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेतून बत्तीस सदस्य उठून गेले आणि त्याच वर्षी पक्ष दुभंगला. फुटीची मुळे चीन व काँग्रेस यांविषयीच्या मतभेदांत अधिक खोल होती. पत्रांनी त्या आगीत तेल ओतले.

फुटीनंतर मुझफ्फर अहमद दुसऱ्या बाजूला गेले. त्यांनी आपल्या आठवणींत या पत्रांचा सविस्तर समाचार घेतला. हा साक्षीदार कसा वाचावा? ते सहआरोपी होते; म्हणून कानपूरच्या न्यायालयात त्यांनी स्वतः पाहिले-ऐकले त्याला वजन आहे. परंतु सीतापूरच्या कोठडीत ते नव्हते. तेथील हकिकतीसाठी त्यांचाही आधार अभिलेखागारातील कागदच. शिवाय ते लिहीत होते चार दशकांनंतर, कटुतेच्या काळात. तेव्हा विरोधकाची आठवण हा निकाल मानू नये. कोठे शोधावे हे दाखवणारे ते बोट आहे.

आता कागदाकडे वळू. पत्रांवरील सहीत ‘श्रीपत’ असे नाव आहे आणि आपले नाव ‘श्रीपाद’, हा डांगे यांच्या बाजूचा एक आक्षेप. परंतु कानपूर खटल्याच्या सरकारी कागदांतही आरोपीचे नाव ‘श्रीपत अमृत डांगे’ असेच येते. म्हणजे केवळ या एका अक्षरावरून पत्र खोटे ठरत नाही. मात्र त्यामुळे ते खरेही ठरत नाही. कारण कारकुनाने लिहिलेले नाव निराळे आणि माणसाची स्वतःची सही निराळी. खरी तुलना करायची ती त्याच काळातील, कोणीही न नाकारलेल्या त्यांच्या हस्ताक्षराशी.

दुसरी कसोटी कागदाच्या प्रवासाची. कैद्याचा अर्ज एकटा प्रवास करीत नाही. तो तुरुंगाच्या अधीक्षकामार्फत जातो. वाटेत शेरे, आवक-जावक क्रमांक व उत्तरे यांची साखळी तयार होते. एखादे पान कोणीही घुसडू शकेल. पण निरनिराळ्या कचेऱ्यांच्या दप्तरांत एकमेकांशी जुळणाऱ्या नोंदी घुसडणे फार अवघड. म्हणून सुट्या छायाप्रतीवरून कधी निर्णय करू नये. संपूर्ण नस्ती पाहावी.

तिसरी कसोटी परिणामाची, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची. मुझफ्फर अहमद क्षयाने आजारी पडल्यामुळे 1925 साली मुदतीपूर्वीच सुटले. डांगे मात्र 1927 सालच्या मे महिन्यापर्यंत तुरुंगातच होते. पुढे मार्च 1929 मध्ये मीरत खटल्यात त्यांना पुन्हा पकडण्यात आले आणि 1933 च्या जानेवारीत बारा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अपिलात ती तीन वर्षांवर आली. सरकारने ज्याची सेवा स्वीकारली, त्याला ते असे वागवील काय? पत्रे खरी मानली, तरी त्यांतून सिद्ध होतो तो देकार, सौदा नव्हे. ‘तुरुंगात मन डळमळले’ आणि ‘हेर झाला’ या दोन विधानांत मोठे अंतर आहे, आणि विरोधकांची लेखणी ते अंतर एका उडीत ओलांडते.

गुप्तचर खात्याच्या अहवालांनाही हीच सावधगिरी लागू पडते. तारीख, पत्ता, कोणाचे पत्र कोणाला गेले, या बाबतीत ते बहुधा काटेकोर असतात. माणसाच्या हेतूविषयी ते लिहितात तेव्हा वरिष्ठांना काय ऐकायला आवडेल, याचाही हिशेब त्यांत मिसळलेला असतो.

डांगे 22 मे 1991 रोजी निवर्तले. चौविसाव्या-पंचविसाव्या वर्षी परक्या मुलखातील तुरुंगात बसलेल्या तरुणाच्या मनात दुर्बलतेचा एखादा क्षण आला असेल, तर तो लपवल्याने त्याची पुढची शिक्षा अधिक उजळ होत नाही. आणि तो क्षण सापडला, म्हणून 1929 नंतर त्याने भोगलेली वर्षे पुसली जात नाहीत. चरित्रकाराने दोन्ही नोंदी एकाच पानावर लिहायला हव्या होत्या.